पार्किंगचे एलईडी लागले की टाकीचा सेन्सर गायब (४३३ मेगाहर्ट्झ, लोरा)

टाकीवाला_कोथरूड
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कोथरूडला, सात मजली. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली पंपाच्या खोलीत दिसावं म्हणून मी घरीच एक जोडी बनवली. वर अल्ट्रासॉनिक सेन्सर, प्रो मिनी, रा-०२ मॉड्यूल आणि एक १८६५० सेल. खाली नोडएमसीयू आणि दुसरं रा-०२, एका प्लास्टिकच्या डबीत. त्याला १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून एलएम२५९६ च्या निळ्या पट्टीतून ५ व्होल्ट. दर पाच मिनिटांनी एक पॅकेट, एसएफ ७, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ.

दिवसभर एकही पॅकेट चुकत नाही. संध्याकाळी पावणेसातला टायमरनं पार्किंगचे दिवे लागले की दहातलं एखादं येतं. सकाळी दिवे बंद झाले की पुन्हा सुरळीत. म्हणजे चोर कोण ते उघड आहे, पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. हे बघा:

```
14:10  RSSI -106  SNR  8.00
14:15  RSSI -106  SNR  8.25
19:40  RSSI  -98  SNR -7.00
20:25  RSSI  -98  SNR -6.75
```

रात्री सिग्नल आठ डीबीनं *वाढलेला* दिसतोय आणि तरी पॅकेट गळतात. हे कसं? कमिटीत आधीच 'इंजिनिअरसाहेबांची टाकी' अशी थट्टा चालू आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

व्होल्टभाई
पंपाला व्हीएफडी आहे का? असेल तर तोच. व्हीएफडी म्हणजे आवाजाची फॅक्टरी, मी पिंपरीत रोज बघतो. दिव्यांच्या मागे लागू नका. आणि सेंडरची पॉवर किती ठेवलीय? `LoRa.setTxPower(20)` करा, विषय संपला.

शैला_ताई
आमच्याकडेही अगदी हेच होतं! दिवे लागले की आकाशवाणी पुणे ७९२ वर नुसती खरखर. मी तर रेडिओ खिडकीत नेऊन ठेवते. तुमच्या सेन्सरला खिडकी आहे का?

जुना_हॅम
टाकीवाले, तुमच्या आकड्यांतच सगळं उत्तर आहे. ती लायब्ररी `packetRssi()` मध्ये जे देते ते तुमच्या सिग्नलचं माप नाही. त्या १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अँटेनावर जे काही आलं, तुमचा सिग्नल आणि गोंगाट मिळून, त्याची ती बेरीज आहे. एसएनआर धन असला की गोंगाट नगण्य, म्हणून दुपारचा -१०६ हा खरंच तुमचा सिग्नल. तेव्हा गोंगाट -११४ च्या आसपास होता.

रात्री एसएनआर -७ आहे, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या सात डीबी खाली बुडालाय. बेरीज -९८, तेव्हा गोंगाट साधारण -९९. त्यातून सात वजा केले की सिग्नल पुन्हा -१०६ च. तो तसूभरही हललेला नाही. गोंगाट मात्र -११४ वरून -९९ वर आला, पंधरा डीबी, म्हणजे तीस पटींहून जास्त. एसएफ ७ ला उकल करायला -७.५ पर्यंतच चालतं. तुमच्या हाती लागलेली पॅकेटं त्या काठावरून कशीबशी आलेली आहेत. त्याच्या खालची हरवली, ती लॉगमध्ये दिसणारच नाहीत.

इमारतीच्या आत अंतर दुप्पट झालं की साधारण नऊ-दहा डीबी जातात असं धरलं, तर पंधरा डीबी म्हणजे पल्ला एक तृतीयांश. सात मजले पोचत होतं, ते आता दोन-अडीच मजल्यांपुरतं.

व्होल्टभाई, पॉवर वाढवायचा सल्ला नको. ४३३-४३४ ला विनापरवाना १० मिलिवॅटची मर्यादा आहे, २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट. शिवाय बिघाड ऐकणाऱ्याच्या कानाजवळ आहे, बोलणाऱ्याच्या घशात नाही.

शैलाताई, तुमचा रेडिओ कामाचा आहे, पण जपून. ७९२ किलोहर्ट्झवर खरखरणारा दिवा आणि ४३३ मेगाहर्ट्झवर गोंधळ घालणारा दिवा एकच असेल असं नाही. ड्रायव्हरचं स्विचिंग पन्नास-शंभर किलोहर्ट्झला चालतं. त्याचे खालचे हार्मोनिक मध्यम लहरींत सहज येतात. वर ४३३ पर्यंत पोचायला स्विच चालू-बंद होताना उठणारी तीक्ष्ण किनार आणि तिच्यानंतरचं रिंगिंग लागतं. हे प्रत्येक ड्रायव्हरमध्ये सारखं नसतं.

व्होल्टभाई
बरं, पॉवरचं मागे घेतो. व्हीएफडीचं नाही.

टाकीवाला_कोथरूड
काका, डोक्यात प्रकाश पडला. पंपाला व्हीएफडी आहे, हायड्रोन्यूमॅटिकचा. पण पंप चालू असो वा बंद, रात्रीचे आकडे तेच. मग आता मोजायचं कसं? माझ्याकडे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर वगैरे काही नाही.

जुना_हॅम
तुमचा रिसीव्हरच मोजमापाचं यंत्र आहे. सेंडर बंद ठेवा आणि हे टाका:

```cpp
#include <SPI.h>
#include <LoRa.h>
void setup() {
  Serial.begin(115200);
  LoRa.setPins(15, 16, 4);   // तुमच्या जोडणीप्रमाणे
  if (!LoRa.begin(433175000)) while (1) yield();
  LoRa.receive();
}
void loop() {
  Serial.println(LoRa.rssi());
  delay(200);
}
```

हा निव्वळ गोंगाट. आता वॉचमनला सांगून एकेक एमसीबी पाडा आणि आकडा बघा. दुसरी चाचणी तितकीच महत्त्वाची: अडॅप्टर पूर्ण काढा आणि तीन एए सेलवर, नोडएमसीयूच्या व्हिन पिनवरून, चालवून बघा. पॉवर बँक वापरू नका, तिच्या पोटातही स्विचिंगच असतं. लॅपटॉपही चार्जरविना ठेवा. त्याची यूएसबी वायर लावल्यावर आकडा बदलतो का तेही बघा, नाहीतर डिस्प्लेवर आकडा दाखवा आणि वायर काढून टाका. सेलवर गोंगाट उतरला तर तो तारेतून आत येतोय. नाही उतरला तर हवेतून.

व्हीएफडीबद्दल व्होल्टभाईंचं अर्धं बरोबर आहे. व्हीएफडीचा त्रास मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या खाली असतो. आरएस४८५ ची लाइन गडबडते, सेन्सर हँग होतो, कंट्रोलर रीसेट होतो. तिथे शील्डेड मोटर केबल, शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाकार क्लँपखाली आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी खाली आणणं हेच औषध. ४३३ वर रिसीव्हर बहिरा झाला की मी आधी दिवे आणि रिसीव्हरचा स्वतःचा पुरवठा बघतो.

भोसरीकर
मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे १२ व्होल्टच्या ब्रशच्या गिअर मोटरवर एक छोटा कन्व्हेअर आहे, बाजूला ४३३ चा वायरलेस काउंटर. मोटर थांबलेली असताना वीस मीटरवरून काउंट येतो, मोटर फिरली की चार मीटर. पॅनेलमध्ये मोटरच्या टर्मिनलवर १०० नॅनोफॅरड लावून झालं, फरक शून्य. मोटर ते पॅनेल वायर दोन मीटर.

मीनल_पीसीबी
दादा, कपॅसिटरची किंमत बरोबर आहे, जागा चुकली. ठिणगी ब्रशवर पडते. पॅनेलमधल्या कपॅसिटरपर्यंत यायच्या आधी तिला दोन मीटरची वायर मिळते, म्हणजे अँटेनाच. तुम्ही अँटेनाच्या लांबच्या टोकाला कपॅसिटर लावलाय. तोच १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक मोटरच्या दोन टर्मिनलवर थेट सोल्डर करा. शिवाय प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याच्या बॉडीला १० नॅनोफॅरडचा एकेक. बॉडीवरचा रंग खरवडूनच सोल्डर करा. पाय शक्य तितके आखूड, कारण ४३३ ला एक सेंटिमीटरचा पायसुद्धा पंचवीस ओहमच्या घरात अडथळा होतो आणि मग कपॅसिटर असून नसल्यासारखा. वायर पिळून घ्या आणि फेराइट मोटरच्या अंगालाच लावा.

हा उपाय डीसी मोटरचा आहे. मिक्सर-ड्रिलसारख्या २३० व्होल्टच्या मोटरला असले साधे कपॅसिटर लावू नका, तिथे एक्स आणि वाय वर्गाचेच लागतात.

टाकीवाला_कोथरूड
काल रात्री मोजलं. आकडे थोडे वरखाली होतात, मधला लिहितोय.

दिवे बंद, अडॅप्टरवर: -११४. दिवे बंद, सेलवर: -११६. सगळे दिवे चालू, अडॅप्टरवर: -९९. सगळे दिवे चालू, सेलवर: -१०३. सगळे चालू पण डबीच्या डोक्यावरच्या दोन ट्यूब काढून, सेलवर: -१०९.

म्हणजे अडॅप्टरच्या तारेतूनही येतं आणि हवेतूनही येतं, असंच ना? आणि पार्किंगच्या सगळ्या ट्यूबपैकी दोनच एवढ्या वाईट कशा?

भंगारात एक मेलेली ट्यूब पडली होती, ती उघडली. ड्रायव्हरच्या पट्टीवर वीज आत येते तिथे चॉकसाठी चार भोकांची जागा छापलेली आहे आणि चॉकच्या जागी चक्क दोन तारा वाकवून सोल्डर केल्यात. शेजारी कपॅसिटरचा चौकोन छापलाय, आत काहीच नाही. ब्रिज, एक इलेक्ट्रोलिटिक, एक आयसी, एक कॉइल. संपलं.

जुना_हॅम
ज्यानं सर्किट काढलं त्याला फिल्टर हवा होता. ज्यानं बिल काढलं त्याला नको होता.

त्या दोन ट्यूब वेगळ्या वाईट असतील असं नाही, त्या फक्त जवळ आहेत. एक गोष्ट ध्यानात घ्या, इथे खरा अँटेना ट्यूबच्या आतली पट्टी एकटीच नाही. एलईडी ज्या अ‍ॅल्युमिनियमवर बसलेत त्यात स्विचिंगचा आवाज कपॅसिटन्सनं उतरतो आणि परत जायला वाट शोधतो. ती वाट म्हणजे छतावरून गेलेली मेन्सची वायर, फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर एकाच दिशेनं. त्यामुळे डबी ट्यूबपासून लांब पण वायरच्या कडेला ठेवली तर विशेष फायदा नाही. त्या वायरपासूनही लांब जायला हवं.

याच कारणानं पार्किंगच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात एक मोठा फिल्टर बसवून भागणार नाही. फिल्टरच्या पलीकडची पन्नास मीटर वायर तशीच गात राहील. फिल्टर हवा तो प्रत्येक ट्यूबच्या तोंडाशी. आणि पत्र्याचा तयार फिल्टर बसवलाच, तर त्यात जाणारी आणि त्यातून येणारी वायर एकाच केसिंगमधून शेजारी-शेजारी नेऊ नका. गाळलेलं पाणी पुन्हा त्याच नाल्यात ओतल्यासारखं होतं.

व्होल्टभाई
तपकीर गल्लीत क्लिपचे फेराइट मिळतात. वायरचे पाच-सहा वेढे घ्या, वेढे दुप्पट की इम्पीडन्स चौपट.

जुना_हॅम
खालच्या फ्रिक्वेन्सीला चौपट, हो. ४३३ ला वेढ्या-वेढ्यांमधला कपॅसिटन्सच आडवाट देतो आणि पाच वेढ्यांचा फेराइट एका वेढ्यापेक्षा वाईट ठरू शकतो. तिथे वायर नुसती आरपार, फार तर असे दोन-तीन क्लिप एकापुढे एक. मालही बघावा लागतो. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे बहुधा ३० ते ३०० मेगाहर्ट्झसाठी केलेले असतात. ६१ नंबरचं मिश्रण ४३३ ला चांगलं, पण दुकानदाराला नंबर विचारलात तर तो तुमच्याकडे बघत राहील. वर मोजायचा रिसीव्हर हातात आहेच, लावून बघा.

अपेक्षाही बेताची ठेवा. क्लिप शंभर-दीडशे ओहम घालते आणि वायरचा स्वतःचा इम्पीडन्स तेवढाच असतो. चार-सहा डीबी मिळाले तर खूश राहा. पंधरा डीबी एका क्लिपनं कधीच जात नाहीत.

मीनल_पीसीबी
अडॅप्टर काढल्यावर चार डीबी उतरले, मला तिथे थांबायचंय. टाकीवाले, रिसीव्हर ठिपक्यांच्या बोर्डवर जोडलाय का? आणि अँटेना म्हणजे नुसती १७ सेंटिमीटर तार?

टाकीवाला_कोथरूड
दोन्ही हो. तार उभी, डबीतच. निळी पट्टी तिच्या मुळाशी, दोन बोटांवर.

मीनल_पीसीबी
मग असं होतंय. पाव लांबीची तार म्हणजे अर्धा अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालची ग्राउंड. छापील बोर्डवर निदान तांब्याचा सलग थर असतो. ठिपक्यांच्या बोर्डवर ग्राउंड म्हणजे एक बारीक तार, आणि ती पुढे जाते कुठे? निळ्या पट्टीतून अडॅप्टरच्या वायरीत. म्हणजे तुमच्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग अडॅप्टरची वायर झालीय आणि ती भिंतीत जाऊन त्याच मेन्सला भिडते जिच्यावर ट्यूब गातायत. गोंगाट अँटेनाच्या बाजूला नाही, अँटेनाच्या *आत* आहे.

म्हणून आधी अँटेनाला स्वतःची ग्राउंड द्या. मॉड्यूलच्या ग्राउंडपासून १७ सेंटिमीटरच्या चार तारा आडव्या, किंवा तळाला पत्र्याचा तुकडा. मग अडॅप्टरची वायर डबीत शिरते तिथेच फेराइट. हा क्रम महत्त्वाचा आहे. अँटेनाला दुसरी ग्राउंड नसताना फेराइट लावलात तर तुम्ही अँटेनाचाच पाय बांधताय, सिग्नलही कमी होईल.

आता निळी पट्टी. एलएम२५९६ दीडशे किलोहर्ट्झवर चालतो. इनपुट कपॅसिटर, आतला स्विच आणि डायोड या तिघांच्या घेरातून करंट झटक्यानं तुटतो आणि जोडला जातो. तो घेर जेवढा मोठा तेवढा लूप अँटेना मोठा. या पट्ट्यांवर इनपुटला नुसता इलेक्ट्रोलिटिक असतो. आयसीच्या इनपुट पायापासून डायोडच्या ग्राउंडकडच्या टोकापर्यंत १ मायक्रोफॅरडचा चिप सिरॅमिक सरळ डोक्यावर सोल्डर केला की घेर लहान होतो. पण तुमच्या कामाला ही पट्टी हवीच कशाला? ५ व्होल्टचा बरा अडॅप्टर घ्या, नोडएमसीयूवर लिनियर रेग्युलेटर आहेच. रा-०२ च्या पुरवठ्याच्या पायाशी एक फेराइट बीड, मग १० मायक्रो, १०० नॅनो आणि १०० पिकोफॅरड. शेवटचा १०० पिकोचाच ४३३ ला खरा उपयोग, तोही चिपचा. लांब पायाचा १०० नॅनो तिथे कॉइल होऊन बसलेला असतो.

नोडएमसीयूचं वायफाय चालू असेल तर ते थोडं लांब, म्हणजे रा-०२ आणि त्यात पाच-सात सेंटिमीटर तरी ठेवा.

भोसरीकर
मोटरच्या अंगावर तिन्ही लावले. चार मीटरचे चौदा झाले. वीस नाहीत. दिशा उलटी केली की अजून मधेच काउंट चुकतो.

मीनल_पीसीबी
उलट फिरवताना ब्रश जास्त ठिणग्या टाकतो का ते अंधारात बघा. झिजलेल्या ब्रशला कपॅसिटर काय करणार. दिशा रिलेनं बदलत असाल तर रिलेचा संपर्कही ठिणगी टाकतो, तोही बघा.

शैला_ताई
मी सेक्रेटरी आहे आमच्या सोसायटीत, म्हणून विचारते. चांगल्या कंपनीचे, बीआयएसवाले दिवे घेतले की हा प्रश्न मिटतो का?

जुना_हॅम
पुष्कळ कमी होतो, मिटतोच असं नाही. बीआयएसचा सक्तीचा शिक्का मुळात सुरक्षिततेचा. गोंगाटाची मर्यादा निराळी, सीआयएसपीआर १५ ची. ती रेडिओ-टीव्ही ऐकणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ठरवलेली. २३० मेगाहर्ट्झच्या वर १० मीटरवर ३७ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढी मुभा. साध्या अँटेनावर ४३३ ला ते -९३ डीबीएमच्या आसपास येतं. टाकीवाल्यांचा शांत गोंगाट -११४. म्हणजे नियम पाळूनही काठावर बसलेला दिवा, तोही दहा मीटरवरून, यांच्या रिसीव्हरला बुडवू शकतो. प्रत्यक्षात चांगले दिवे मर्यादेच्या बरेच खाली असतात, इतकंच.

घेताना एक नमुना मागवा आणि या रिसीव्हरशेजारी लावून बघा. ट्यूब उघडणार असाल तर एमसीबी पाडून, थोडं थांबून. या स्वस्त ड्रायव्हरमध्ये आयसोलेशन नसतं, एलईडीची पट्टी थेट मेन्सवर असते. आणि आत कपॅसिटर घालायचाच तर एक्स२ शिक्क्याचा, तोही इलेक्ट्रिशियनकडून. मी असतो तर ड्रायव्हर दुरुस्त करण्यापेक्षा त्या दोन ट्यूब बदलल्या असत्या.

टाकीवाला_कोथरूड
शनिवारी हे केलं: दोन ट्यूबच्या जागी फिल्टरवाल्या ट्यूब, कमिटीनं कुरकुरत पैसे दिले. निळी पट्टी काढली. रा-०२ खाली पत्रा, वायरीच्या तोंडाशी दोन क्लिप. अँटेना डबीबाहेर, तीन मीटर आरजी५८ नं डक्टच्या खिडकीशी नेला, केबलमध्ये एखादा डीबी जातो तो गेला. पत्राही अँटेनाबरोबर तिकडेच हलवला.

आता सगळे दिवे चालू असताना गोंगाट -१११. डक्टमधून सिग्नलही थोडा सुधारला, -१०४. एसएनआर रात्री ६-७. परवापासून रात्री एकही पॅकेट गळलं नाही.

पण एक शिल्लक आहे. सकाळी आठ ते दहा गोंगाट मधेच -९५ ला उडी मारतो, अर्धा-एक सेकंद, आणि परत खाली. दिवे तेव्हा बंद असतात.

व्होल्टभाई
शाळा-ऑफिसची वेळ. लिफ्ट. लिफ्टला व्हीएफडी असतो.

जुना_हॅम
व्हीएफडी असता तर लिफ्ट चालू असेपर्यंत राहिला असता. अर्धा सेकंद म्हणजे मला कॉन्टॅक्टर किंवा दाराची मोटर वाटते. कॉन्टॅक्टर असेल तर कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ चा स्नबर पुरतो, पण लिफ्टच्या पॅनेलला हात लावायचा नाही, ते देखभालवाल्यांचं काम.

मीनल_पीसीबी
मला कोणाचा तरी गाडीचा रिमोट वाटतो. तोही ४३३ लाच असतो आणि पार्किंग तिथेच आहे. सकाळी आठ ते दहा गाड्याच निघतात.

टाकीवाला_कोथरूड
दोन्ही पटतंय, म्हणून अडचण. तोवर एसएफ ९ करून ठेवू का? पाच डीबी जास्त मिळतील.

जुना_हॅम
करा, पाच मिनिटांनी एक पॅकेट असताना सेलवर फार ओझं नाही, हवेतला वेळ तिपटी-चौपटीनं वाढेल एवढंच. अर्ध्या सेकंदाच्या झटक्याला त्याचा उपयोग कमी, त्यापेक्षा पोच आली नाही तर दहा सेकंदांनी पुन्हा पाठवायची सोय घाला. आणि उद्या सकाळी लिफ्टजवळ कोणाला तरी उभं करा. दार उघडल्याची आणि गाडी उघडल्याची वेळ लिहायला सांगा, लॉगमधली वेळ शेजारी ठेवा.

टाकीवाला_कोथरूड
वॉचमन काका तयार आहेत. सोमवारी टाकतो.